कडक शाफ्ट झिजला, मऊ बुश शाबूत: खोट कुणाची?

वाचकाचं पत्र

नमस्कार काका. मी भांडुपच्या एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. सँड प्लांटच्या बेल्ट कन्व्हेयरच्या टेल पुलीला ४० मिमीचा शाफ्ट आहे, इंडक्शन हार्डनिंग केलेला, कडकी ५५ एचआरसी. दोन्ही बाजूंना ५० मिमी लांबीचे गनमेटल बुश, ग्रीसवर चालतात. डिप्लोमाला शिकलेल्या झिजेच्या सूत्राने मी हिशोब केला: बुश महिन्याला ०.१३ मिमी जाईल, शाफ्टला काही होणार नाही. दोन महिन्यांनी उघडलं तर उलटंच. बुश जेमतेम ०.१ मिमी खाल्लेला आणि शाफ्ट ४० चा ३९.४ झालेला! मालक म्हणतात हार्डनिंगच झालेलं नाही, हीट ट्रीटमेंटवाल्याचं बिल थांबवा. ते काका पंधरा वर्षं आमचं काम करतायत. अशाच दुसऱ्या कन्व्हेयरचा शाफ्ट पॅकिंगच्या बाजूला चार वर्षं चालतोय, तोही त्यांनीच हार्ड केलेला. मालक आता शाफ्ट आणखी कडक करा, नाहीतर बुशच स्टीलचा करा म्हणतात. सूत्र चुकलं, की मी, की ते काका?
— भांडुपचा एक मेंटेनन्सवाला

उत्तर

बिल थांबवायच्या आधी दोन दिवस थांबा. जे मोजून दोन दिवसांत कळतं, त्यावर पंधरा वर्षांचं नातं कशाला पणाला लावायचं?

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: तोच शाफ्ट, तेच काका, पॅकिंगच्या बाजूला चार वर्षं. दोन्हीकडे डिझाइन एक, माणूस एक, फरक फक्त जागेचा. एका जागी रेती उडते, दुसऱ्या जागी नाही. माझा संशय सरळ रेतीवर आहे. पण संशयावर सोडत नाही, तुमचेच आकडे घेऊन बघू.

सूत्र हे:

`V = k × F × s / H`

V म्हणजे झिजून गेलेल्या मालाचं घनफळ, F भार, s घसरण्याचं एकूण अंतर, H झिजणाऱ्या पृष्ठभागाची कडकी. k हा नुसता आकडा, त्याला एकक नाही. आर्चर्डने हे १९५३ साली मांडलं, त्याआधी होल्मनेही जवळपास हेच म्हटलं होतं. एक धोक्याची सूचना: काही पुस्तकांत खाली H ऐवजी 3H असतं. k चा तक्ता एका पुस्तकातून आणि सूत्र दुसऱ्यातून घेतलं की उत्तर तिपटीने हुकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पट्ट्याचा ताण तुम्ही दिलेला नाही, पण महिन्याला ०.१३ मिमी यायला एका बुशवर साधारण २,००० न्यूटन भार आणि ६० आरपीएम धरलेले असणार. तेच धरून चालतो. एका फेरीत शाफ्ट बुशवरून १२५.७ मिमी घसरतो. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर महिन्याला ९० किलोमीटर होतात, म्हणजे जागच्या जागी फिरणारा शाफ्ट बुशवरून लोकलच्या मार्गाने भांडुप ते खोपोली जाऊन थोडा पुढेच जातो. दोन महिन्यांत १८१ किलोमीटर. गनमेटलची कडकी ७० ब्रिनेल, तिला ९.८१ ने गुणलं की साधारण ६९० न्यूटन प्रति चौरस मिमी. ग्रीस असलेल्या जोडीसाठी तुम्ही k दहा लाखात एक धरलात. एका महिन्यात २६३ घन मिमी माल जाईल. पट्टा एकाच दिशेला ओढतो, म्हणून बुश एकाच बाजूला खाल्ला जातो. ४० गुणिले ५० म्हणजे २,००० चौरस मिमीवर ते पसरलं की ०.१३ मिमी खोली. इथवर तुमचा हिशोब चोख आहे.

शाफ्टचाही असाच करा. ५५ एचआरसी म्हणजे विकर्सच्या मापाने सुमारे ६००, म्हणजे H सुमारे ५,९००. तोच k ठेवला तर दोन महिन्यांत ६१ घन मिमी. शाफ्ट फिरत असल्यामुळे तो सगळीकडून सारखा झिजतो, क्षेत्रफळ जवळपास ६,३०० चौरस मिमी. खोली ०.०१ मिमी, व्यासात ०.०२. तुम्ही मोजलात ०.६. तीस पट! आणि बुश? तो दोन महिन्यांत ०.२६ जायला हवा होता, गेला ०.१. एकाच सांध्यात, एकाच भाराखाली, एकाच ग्रीसमध्ये बुश हिशोबापेक्षा बरा निघाला आणि शाफ्ट तीस पट वाईट. हार्डनिंग समजा अजिबात झालेलं नसतं, शाफ्ट कच्चाच राहिला असता, तर त्याची कडकी फार तर तिसऱ्या हिश्शावर आली असती. त्याने झीज तिप्पट होते, तीसपट नाही. म्हणजे मालकांचं म्हणणं अगदी खरं धरलं तरी दहापट झिजेचा हिशोब लागतच नाही. हे कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, सूत्र चुकलं का. सूत्र चुकलेलं नाही, पण त्याचा एक स्वभाव आहे जो वर्गात कुणी सांगत नाही: झीज कोणत्या जातीची आहे हे त्याला कळत नाही. सगळी जात त्या k मध्ये दडलेली असते आणि k तुम्ही बाहेरून आणता.

चिकटून होणारी झीज, म्हणजे अ‍ॅडहेसिव्ह, आधी बघा. शाफ्ट आणि बुश डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी एकमेकांना टेकतात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. मऊ बाजू दबत जाते आणि भार पेलण्याएवढी जागा झाली की थांबते. ती जागा म्हणजे भार भागिले कडकी: २,००० भागिले ६९०, सुमारे ३ चौरस मिमी. ४० मिमीच्या शाफ्टचा सगळा भार मोहरीच्या एका दाण्याएवढ्या जागेवर! त्या बारीक टोकांवर धातू धातूला क्षणभर चिकटतो आणि सरकताना सुटतो. बहुतेक वेळा जिथे चिकटला तिथेच सुटतो, क्वचित मऊ बाजूतून कण उपटून नेतो. k म्हणजे ही ‘क्वचित’ किती. चांगल्या ग्रीसमध्ये दहा लाख वेळा टोकं भेटली तर एकदा कण निघतो. ग्रीस संपलं आणि दोन्ही बाजू एकाच धातूच्या असल्या तर हजारात काही वेळा. या झिजेत मऊ बाजू हरते हे तुमचं गृहीत बरोबर आहे.

ओरखडून होणारी झीज, म्हणजे अब्रेसिव्ह, हा वेगळाच मामला आहे. इथे टोकदार कडक दाणा पृष्ठभागात रुततो आणि पुढे सरकताना नांगरासारखा चर काढतो. दाणा किती खोल रुतेल हे पुन्हा भार भागिले कडकी यावरच ठरतं, म्हणून सूत्राचा आकार हुबेहूब तोच निघतो. फक्त k आता ‘क्वचित’ राहत नाही, तो दाण्याच्या धारेचा हिशोब होतो. सँडपेपरसारखे पक्के बसलेले दाणे असले तर शंभरात काही, दाणे मधल्या मध्ये लोळत असले तर हजारात काही. तुमच्या मोजमापातून शाफ्टचा k उलटा काढला तर लाखात तीन येतो. ग्रीस मध्ये आहे, सगळा भार दाण्यांवर नाही, म्हणून तो आणखी वर गेला नाही. पण निव्वळ ग्रीसवर चालणाऱ्या सांध्याचा हा आकडा नव्हे.

मग रेतीने मऊ बुश सोडून कडक शाफ्ट का खाल्ला? दाणेदार पेस्ट लावून घासायचं लॅपिंग आठवा. व्हॉल्व्ह सीट लॅप करताना, गेज लॅप करताना लॅप नेहमी कामापेक्षा मऊ घेतात, बिडाचा किंवा तांब्याचा. हिरे घासायचं चाकसुद्धा बिडाचंच असतं. दाणा मऊ बाजूत रुतून घट्ट बसतो, जणू चकमध्ये टूल धरलाय, आणि समोरच्या कडक बाजूला कापत राहतो. तुमचा गनमेटल बुश लॅप झाला आहे. रुतलेला दाणा बुशच्या सापेक्ष हलतच नाही, मग बुश झिजेल कसा? शाफ्ट मात्र मिनिटाला साठ वेळा त्याच दाण्यांसमोरून जातो.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी नेमकी हीच चूक केली होती. शाफ्ट खाल्ला म्हणून नवा शाफ्ट घातला आणि बुश ‘चांगला दिसतोय’ म्हणून तोच ठेवला. नवा शाफ्ट पाच आठवड्यांत गेला. मी स्टीलच्या दुकानदाराशी भांडून आलो. त्याने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, साहेब, बुश घेऊन या एकदा. आजही ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

तेव्हा आधी खात्री करा. बुश उभा चिरून रॉकेलमध्ये ब्रशने धुवा आणि दहापट भिंगाखाली, उजेड तिरपा पाडून बघा. रेती असेल तर पिवळ्या धातूत पांढरट, काचेसारखे चमकणारे ठिपके बसलेले दिसतील, सुईने टोकरलं तर कुरकुरतील. शाफ्टवर घसरण्याच्या दिशेने बारीक, समांतर, स्वच्छ कडांचे चर असतील. त्यावरून नख आडवं फिरवलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारखं खरखरतं. चिकटून झालेली झीज असती तर चित्र वेगळं असतं: शाफ्टवर बुशचा पिवळा रंग लिंपलेला, मध्ये मध्ये ओरबाडलेले खडबडीत डाग, कुठे कुठे बारीक ढेकूळ चिकटलेलं. शाफ्टवर पिवळं काहीच दिसलं नाही आणि शाफ्ट मात्र लहान झाला, एवढं एकच जुळलं तरी निकाल जवळपास लागला समजा.

दुसरी तपासणी ग्रीसची. बुशच्या तोंडाशी आलेलं काळं ग्रीस वाटीत रॉकेलमध्ये विरघळवा, पातळ सुती कापडातून गाळा. गाळावर लोहचुंबक फिरवून स्टीलचा चुरा उचलून घ्या, पिवळा चुरा डोळ्यांना दिसेलच. उरलेलं जे आहे ते काचेच्या दोन तुकड्यांमध्ये घासा. कचकच आवाज आला आणि काचेवर ओरखडे उठले, तर ती तुमची मोल्डिंग सँड.

तिसरी कडकीची. पोर्टेबल टेस्टर भाड्याने मिळाला तर उत्तम. शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर मोजा आणि चराच्या तळाशीही मोजा. इंडक्शनचा कडक थर सहसा दीड-दोन मिमीचा तरी असतो, तुमचं ०.३ गेलंय, तेव्हा तळाशीही तो सापडायला हवा. टेस्टर नसेल तर नवी कानस घ्या. शाफ्टच्या हार्ड न केलेल्या टोकावर ती चावेल, हार्ड केलेल्या जागी घसरेल. फरक हाताला कळतो. दोन्हीकडे सारखीच चावली तर मात्र मालक बरोबर आहेत आणि मी माझं म्हणणं मागे घेतो, निदान त्या तिपटीपुरतं.

आता मालकांचे दोन उपाय. शाफ्ट आणखी कडक करा: ५५ चा ६० एचआरसी केला तर विकर्समध्ये ६०० चा ७०० होतो. सूत्राप्रमाणे झीज एक सप्तमांश कमी होईल. दोन महिन्यांचा शाफ्ट सव्वादोन महिने टिकेल. यासाठी पैसे घालायचे का हे तुम्हीच ठरवा. अडचण अशी आहे की रेतीतला क्वार्ट्झ विकर्समध्ये हजाराच्या वर असतो. पृष्ठभाग दाण्यापेक्षा स्पष्ट मऊ आहे तोवर दाणा खणत राहणारच. त्याची कडकी दाण्याच्या साधारण आठ दशांशाच्या पुढे गेली की झीज सूत्रापेक्षा फार झपाट्याने पडते, कारण आता दाण्याचीच धार मोडू लागते. हार्ड क्रोमची कडकी नऊशे-हजारच्या घरात जाते, म्हणून त्याचा उपयोग होतो. पण क्रोमचा थर पातळ असतो आणि त्याचा पापुद्रा सुटला की तोच चुरा सांध्यात फिरतो. पहिला उपाय म्हणून मी तो सुचवणार नाही.

बुश स्टीलचा करा: दाणा रुतायला जागा उरणार नाही हे खरं, लॅपिंग थांबेल. पण दाणे मग मधल्या मध्ये लोळून दोन्हीकडे खातील, आणि एखाद्या दिवशी ग्रीस द्यायचं राहिलं तर स्टीलवर स्टील. अ‍ॅडहेसिव्ह झिजेला याहून मोठं आमंत्रण नाही. गनमेटल कोरडा पडला तर कुरकुर करतो, रंग लिंपतो, तुम्हाला वेळ देतो. स्टीलची जोडी सीझ होते आणि पट्टा ओढला जातोय तोवर कुणाला पत्ता लागत नाही. एक झीज टाळताना दुसरी घरात घ्यायची, हा तो सौदा.

हिशोबात खरी मोठी फट H मध्ये नाही, k मध्ये आहे. H कितीही ताणलीत तरी फार तर दीडपट वाढेल. k दहापट, तीसपट खाली येऊ शकतो, फक्त रेती आत जाऊ द्यायची नाही. ती आत जाते कुठून हे स्वतः उभं राहून एक पाळी बघा. माझ्या अनुभवात पहिली वाट ग्रीसगनची असते! ग्रीसचा डबा सँड प्लांटच्या कोपऱ्यात झाकण उघडं ठेवून असतो, निपलवर रेतीचा थर असतो, ऑपरेटर तो न पुसता गन लावतो आणि दाबतो. रेती आपणच आत ढकलतो, तीही भाराखाली. निपल पुसायचं फडकं गनलाच दोरीने बांधा, डब्याला झाकण आणि जागा दोन्ही द्या. ग्रीस शाफ्ट फिरत असताना द्या, बुशच्या दोन्ही तोंडांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. तो बाहेर आलेला कडा पुसू नका, तोच पहिला सील आहे. ग्रीसचं भोक भाराच्या बाजूला असेल तर ते बंद करून विरुद्ध बाजूला घ्या, नाहीतर ग्रीस जिथे हवं तिथे पोचतच नाही.

दुसरी वाट पट्ट्याची. परतीच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर सांडलेली रेती टेल पुलीपर्यंत येते आणि तिथून दोन्ही बाजूंना उडते. पुलीच्या आधी आतल्या बाजूला इंग्रजी व्ही आकाराचा रबरी स्क्रेपर लावा, रेती बाजूला पडेल. बुशच्या आतल्या तोंडाला फेल्टची रिंग आणि त्यावर पत्र्याचं झाकण. हे सगळं तुमच्या वर्कशॉपमध्ये एका रविवारी होण्यासारखं आहे.

आणि शाफ्टला बुशच्या जागी हार्ड केलेला स्लीव चढवा. मग पुन्हा कधी खाल्ला तर शाफ्ट नाही, स्लीव बदलायचा. जुना बुश मात्र कितीही चांगला दिसला तरी पुन्हा वापरू नका. धुऊन रुतलेले दाणे निघत नाहीत.

हे केल्यावर तक्त्यातला k फेकून द्या आणि स्वतःचा काढा. कन्व्हेयर बंद असताना पट्टा सैल करा, डायल लावा, शाफ्ट भाराच्या दिशेने पुढेमागे हलवून ढिलाई मोजा: दोन आठवड्यांनी एकदा, आठ आठवड्यांनी एकदा. पहिल्या दोन आठवड्यांतली झीज हिशोबात घेऊ नका, नवी जोडी बसताना जास्तच झिजते. मधल्या सहा आठवड्यांच्या फरकातून तुमच्या सांध्याचा, तुमच्या ग्रीसचा, तुमच्या ऑपरेटरचा k निघेल आणि त्यावर बुश बदलायची तारीख ठरवता येईल. तीही ‘साधारण पाच महिने’ अशी, दिवस मोजून नाही. झिजेच्या हिशोबात एक आकडा खरा असतो, दशांशानंतरचे आपले मनाचे. ढिलाई अचानक जोरात वाढू लागली तर समजा की k बदलला, रेती आत आली किंवा ग्रीस संपलं. भार दुप्पट केला तर झीज दुप्पट, हा नियमसुद्धा दाब कडकीच्या तिसऱ्या हिश्शाच्या खाली असेपर्यंतच चालतो. तुमचा दाब १ न्यूटन प्रति चौरस मिमी आहे, तिकडची काळजी नको.

चेन कन्व्हेयरच्या पिना, हॉइस्टचे बुश, लेथचे स्लाइड सांभाळणाऱ्यांनीही ‘मऊ बाजू आधी जाईल’ असं धरण्याआधी आपल्या सांध्यात बाहेरचं काही शिरतं का ते बघावं. मऊ भाग शाबूत आणि कडक भाग खाल्लेला दिसला की आधी भिंग घ्या, मग फोन.

हीट ट्रीटमेंटवाल्या काकांकडे चिरलेला बुश आणि शाफ्टचा तुकडा घेऊन स्वतः जा. पंधरा वर्षांत असे खाल्लेले शाफ्ट त्यांच्या बाकावर बरेच येऊन गेले असणार, आणि बुश बघून तेच पहिलं विचारतील की हा रेतीत चालतो का. कडकी बरोबर निघाली तर बिल त्याच दिवशी द्या, आणि स्लीवचं काम त्यांनाच सांगून या.